चमच्यात किती मावतं

नमुना पाहणीचा तास आला की सूपचं उदाहरण येतंच. भांडंभर सूपची चव कळायला सगळं भांडं प्यावं लागत नाही, एक चमचा पुरतो. हे वाक्य मी वर्गात इतक्यांदा म्हटलं आहे की आता ते तोंडातून बाहेर पडताना माझं मलाच ऐकू येत नाही. मुलं हसतात, माना हलवतात, एखादा पेंगणारा जागा होतो आणि मी सूत्र लिहायला फळ्याकडे वळते. त्या दिवशीही तसंच झालं. तास संपला, वर्ग रिकामा झाला, मी हातावरचा खडू झटकत होते, तेव्हा शेवटच्या बाकावरचा एक मुलगा वही उघडी धरून टेबलापाशी येऊन उभा राहिला. वहीत त्याने भांड्याचं चित्र काढलं होतं, शेजारी चमचा, आणि चमच्याखाली नमुन्याचा आकार लिहिला होता: n = 1, पुढे प्रश्नचिन्ह.

"मॅडम, एका माणसाला विचारून गावाचं मत सांगता येत नाही, असं तुम्हीच मागच्या आठवड्यात म्हणालात. मग एका चमच्यावरून भांड्याची चव कशी सांगता येते? इथे n एकच आहे ना?"

अशा प्रश्नाने आधी जरा चिडचिड होते, हे लपवण्यात अर्थ नाही. उदाहरण समजावं म्हणून दिलेलं असतं, कोणी ते उलटंसुलटं करून त्याची शिवण तपासायला लागलं की आपल्याला घाई असल्याचं आठवतं. पण प्रश्न चोख होता. सूपचं उदाहरण ऐकून बहुतेकांच्या मनात बसतं ते एवढंच, की थोडक्यावरून पुष्कळाचा अंदाज बांधता येतो. का बांधता येतो, ते चमच्यात बुडून जातं. मी खुर्ची ओढली आणि त्याला म्हटलं, "बस. चमच्यात काय काय आहे ते मोजू."

आम्ही मोजायला मिठापासून सुरुवात केली. चमचा पंधरा मिलिलिटरचा धरला आणि सूपमध्ये शंभर मिलिलिटरला साधारण एक ग्रॅम मीठ. म्हणजे चमच्यात ०.१५ ग्रॅम मीठ आलं. मिठाचा रेणुभार ५८.४४, तेव्हा भागाकार करून अ‍ॅव्होगाड्रोच्या संख्येने गुणायचं. रसायनशास्त्राचा तो पेपर नुकताच देऊन आल्यामुळे हे गणित त्याने माझ्याआधी केलं. उत्तर आलं १.५ × १०^२१. एकट्या सोडियमचेच एवढे आयन, म्हणजे पंधरावर वीस शून्यं. त्याने शून्यं एकेक करून लिहिली, ती ओळीत मावेनात म्हणून समासात वळवली, आणि मग n = 1 वर रेघ मारली.

चमचा एक असतो, नमुना एकाचा नसतो. जीभ त्या घोटात अब्जावधींच्या अब्जावधी कणांची सरासरी घेते. योगायोगाने होणारी चूक नमुन्याच्या वर्गमुळाच्या प्रमाणात घटत जाते हे त्याला पाठ होतं, मी फक्त त्यात आकडा घालायला सांगितला. पंधरावर वीस शून्यं असलेल्या संख्येचं वर्गमूळ चार हजार कोटींच्या घरात जातं. एका चमच्यात आणि दुसऱ्या चमच्यात निव्वळ योगायोगाने पडणारा मिठाचा फरक या हिशोबाने हजार कोटी भागांत एका भागाच्याही आत राहतो. कुठलीही जीभ, कुठलंही यंत्र इतका बारीक फरक ओळखायच्या भानगडीत पडणार नाही. मिठापुरता तरी चमचा हा अवाढव्य नमुना आहे. तो लहान दिसतो, कारण आपण भांड्याकडे बघत असतो.

यावर त्याने जे विचारलं, ते मी विचारायला हवं होतं असं वाटून मला त्याचा हेवा वाटला.

"मग मटारांचं काय?"

आता पाहा. भांडं तीस लिटरचं धरलं तर त्यात दोन हजार चमचे मावतात. त्यात आठ हजार मटार आहेत असं समजू, म्हणजे चमच्यामागे सरासरी चार. सूप कितीही छान ढवळा, प्रत्येक चमच्यात बरोबर चार मटार येणार नाहीत. कधी दोन येतील, कधी सहा, आणि शंभरातल्या एखाददुसऱ्या चमच्यात एकही येणार नाही. विरळ विखुरलेल्या गोष्टी अशा मोजल्या की मोजणीतली चढउतार साधारण मोजणीच्या वर्गमुळाएवढी असते. चारचं वर्गमूळ दोन. तेव्हा चमच्यात एक ते आठ यांपैकी कितीही मटार येणं अजिबात नवलाचं नाही. या चमच्यावरून मटारांबद्दल बोलणाऱ्या माणसाचा अंदाज चौपट चुकला तरी त्याला दोष देता येणार नाही. त्याऐवजी चमच्याच्या पंचवीसपट मोठं ओगराळं बुडवलं तर सरासरी शंभर मटार येतील आणि चढउतार दहाच्या आसपास राहील, म्हणजे दहा टक्के. ती पाच टक्क्यांवर आणायची तर ओगराळी दोन नाहीत, चार लागतील. चूक निम्मी करायला चौपट मेहनत, हा या धंद्याचा जुना जाच आहे.

तोच चमचा, तेच भांडं, तोच क्षण. मिठाबद्दल तो जवळपास सर्वज्ञ आहे आणि मटारांबद्दल अडाणी. नमुना पुरेसा आहे का, हा प्रश्न नुसता विचारताच येत नाही. कशासाठी पुरेसा, हे आधी सांगावं लागतं. खनिजं आणि धान्य तपासणाऱ्यांना हे फार चांगलं कळतं. शेंगदाण्यांतल्या अफ्लाटॉक्सिन या विषाचंच बघा. बुरशी लागलेले दाणे असतात थोडेच, पण एकेका दाण्यात विष भरपूर असू शकतं. पोत्यातून मूठभर दाणे काढले तर बहुधा एकही वाईट दाणा हाती लागत नाही आणि पोतं स्वच्छ ठरतं. लागला, तर तेच पोतं भयंकर ठरतं. म्हणून तिथे कित्येक किलोंचा नमुना घेतात, तो सगळा बारीक दळतात, नीट मिसळतात, आणि तपासणीचा चिमूटभर भाग त्या पिठातून उचलतात. दळणं म्हणजे मटारांचं मीठ करणं. वस्तुमान तेवढंच राहतं, चिमटीतल्या कणांची संख्या मात्र प्रचंड वाढते.

एव्हाना वर्गात पुढच्या तासाची मुलं डोकावून जात होती. आम्ही व्हरांड्यात आलो. त्याच्या डोक्यात भांड्याचा आकार घोळत होता. एका घरच्या पातेल्याला एक चमचा ठीक, पण लग्नघरच्या हंड्याला मोठा चमचा नको का? लोकसंख्या दहापट तर नमुनाही दहापट, असं पोटातून वाटतं खरं. पुष्कळ शिकलेल्या माणसांनाही वाटतं. कोट्यवधींच्या देशात हजारभर लोकांना विचारून काय कळणार, असं ती रागाने म्हणतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर हंडाच असतो.

याला युक्तिवादापेक्षा आकड्यांनी उत्तर देणं बरं. हजार माणसांना एखाद्या प्रश्नावर हो किंवा नाही विचारलं आणि मतं निम्मी निम्मी असली, तर योगायोगाची चूक अधिकउणे ३.१ टक्के धरतात. वीसपैकी एकोणीस वेळा उत्तर या पट्ट्यात येतं. हे झालं अथांग लोकसंख्येसाठी. आता लोकसंख्या दहा हजारांवर आणू. इथे हजार माणसं म्हणजे दहावा हिस्सा, त्याचा फायदा म्हणून चूक थोडी घटवता येते. N लोकसंख्या आणि n नमुना धरला, तर सूत्रात (N − n) / (N − 1) चं वर्गमूळ येतं, ते इथे ०.९५ भरतं. चूक झाली २.९ टक्के. दहा कोटींची लोकसंख्या घेतली तर तोच गुणक एकाला जाऊन भिडतो आणि चूक राहते ३.१. भांडं दहा हजार पटींनी वाढलं, चूक २.९ ची ३.१ झाली. त्याने हे मोबाइलवर स्वतः करून पाहिलं, दोनदा, आणि मग कठड्याला टेकून नुसताच बाहेर बघत राहिला. पहिल्यांदा हे पाहताना एक प्रकारची फसवणूक झाल्यासारखं वाटतं, हे मला माहीत आहे. मनाला पटत नाही, आकडा ऐकत नाही.

"पण ढवळलेलं असेल तरच ना?" तो म्हणाला.

हो, ढवळलेलं असेल तरच.

आतापर्यंतचं सगळं गणित या एका अटीवर उभं आहे आणि वर्गात ती अट सर्वांत घाईने उरकली जाते. मीठ नुकतंच वरून भुरभुरवलं असेल तर पहिला चमचा खारट लागतो. जाड कण तळाशी बसतात, तेल वर तरंगतं, कडेचं सूप मधल्यापेक्षा आटलेलं असतं. वरच्यावर चमचा फिरवणाऱ्याला तळातल्या दाटपणाचा पत्ता लागत नाही, त्यासाठी पळी खाली घासेपर्यंत घालून उलटी वर आणावी लागते. आणि गंमत अशी की एका चमच्याला हे सांगता येत नाही. त्यात योगायोगाची चूक किती, याचा हिशोब चमच्यातूनच निघतो, पण भांडं ढवळलं होतं का, याचं उत्तर त्यात नसतं. ते कळायला वेगवेगळ्या जागांहून चमचे घ्यावे लागतात आणि त्यांच्यातला फरक योगायोगाने पडेल त्याहून जास्त आहे का, हे पाहावं लागतं.

मी त्याला १९६९ ची अमेरिकेतली सोडत सांगितली, कारण न ढवळलेल्या भांड्याची याहून स्वच्छ कथा मला माहीत नाही. व्हिएतनाम युद्धासाठी तरुणांना कोणत्या क्रमाने बोलवायचं हे त्या वर्षी १ डिसेंबरला वॉशिंग्टनमध्ये सोडतीने ठरलं. १९४४ ते १९५० या काळात जन्मलेल्यांसाठी वर्षातल्या ३६६ तारखा चिठ्ठ्यांवर लिहून निळ्या प्लास्टिकच्या कुप्यांमध्ये घातल्या होत्या. पहिली निघेल त्या तारखेला जन्मलेले पहिल्या क्रमांकावर. पहिली निघाली १४ सप्टेंबर. दूरचित्रवाणीवर सगळा देश बघत होता, कुणी काही लपवत नव्हतं, कुणाचा कट नव्हता.

गडबड आधीच होऊन गेली होती. कुप्या महिन्यांच्या क्रमाने पेटीत गेल्या. जानेवारीच्या घातल्या, मग फेब्रुवारीच्या घालून दोन्ही मिसळल्या, मग मार्चच्या घालून पुन्हा, असं डिसेंबरपर्यंत. म्हणजे जानेवारीच्या कुप्या अकरा वेळा हलल्या आणि डिसेंबरच्या एकदाच. नंतर पेटी बंद करून थोडीबहुत हलवली, कुप्या काचेच्या भांड्यात ओतल्या, आणि लोकांनी येऊन हाताने काढल्या. नीट मिसळल्या असत्या तर प्रत्येक महिन्याच्या क्रमांकांची सरासरी १८३.५ च्या आसपास यायला हवी होती. एका महिन्याच्या सरासरीत अठराएक इकडेतिकडे होणं स्वाभाविक. जानेवारीची आली २०१.२. मे २०८. आणि डिसेंबर १२१.५, अपेक्षेच्या बासष्ट खाली, म्हणजे स्वाभाविक चढउताराच्या तिपटीहून जास्त. त्या सोडतीतून १९५ क्रमांकापर्यंतच्यांना बोलावलं गेलं. या हिशोबाने डिसेंबरच्या ३१ तारखांपैकी सोळा-सतरा त्यात सापडायला हव्या होत्या. सापडल्या सव्वीस.

तो मुलगा बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "माझा वाढदिवस डिसेंबरात असतो." मी यावर काय बोलणार? आम्ही दोघंही ओशाळं हसलो. सरासरीतल्या बासष्टच्या फरकाकडे इतकी वर्षं मी शंका-निरसनाचं उदाहरण म्हणून बघते, पण त्यात बहुतेक वेळ वर्गातच कोणीतरी डिसेंबरात जन्मलेला बसलेला असतो.

पुढच्या वर्षीच्या सोडतीत, १ जुलै १९७० ला, त्यांनी दोन पिंपं ठेवली. एकातून तारीख काढायची, दुसऱ्यातून क्रमांक, आणि दोन्हींचा भरण्याचा क्रमही यादृच्छिक कोष्टकांवरून आधी ठरवलेला. हात किती वेळ फिरला यावर मग कोणाचं नशीब अवलंबून राहिलं नाही.

इथे सूप आणि माणसं यांच्या वाटा वेगळ्या होतात, आणि माझ्या मते सूपच्या उदाहरणातला खरा शिकण्याचा भाग इथेच आहे. माणसं ढवळता येत नाहीत. ती आपापल्या घरात, आपापल्या जातभाईंत, आपल्यासारख्यांच्या शेजारी राहतात. तळातली तळात, तरंगणारी वर. मग पाहणी करणारे काय करतात? भांडं ढवळत नाहीत, चमचा ढवळतात. सगळ्यांची यादी करायची, प्रत्येकाला क्रमांक द्यायचा, आणि क्रमांक आपण न निवडता यादृच्छिक अंकांकडून निवडून घ्यायचे. आता हे काम संगणक करतो. टिपेट नावाच्या ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञाने १९२७ साली ४१,६०० अंकांचं पुस्तकच छापलं होतं. नुसते अंक, पानंच्या पानं, अर्थ काही नाही. लोक ते पुस्तक उघडून अंक जसे येतील तसे वापरत. निवड करणाऱ्याच्या हाताला त्यात वावच उरू नये, यासाठी सगळा खटाटोप.

"आणि निवडलेला माणूस उत्तरच देईना तर?"

तर मग मटार चमच्यातून उडी मारून पळाला. सूपमध्ये हे होत नाही, माणसांत रोज होतं. १९३६ च्या अमेरिकन अध्यक्षीय निवडणुकीआधी लिटररी डायजेस्ट या साप्ताहिकाने जवळपास एक कोटी लोकांना टपालाने पत्रकं पाठवली. टेलिफोनच्या आणि मोटारमालकांच्या याद्यांतून नावं घेतलेली, म्हणजे मंदीच्या त्या काळात ज्यांचं बरं चाललं होतं असे बरेच जण. परत आली वीस लाखांहून जास्त. एवढा मोठा चमचा क्वचितच कोणी बुडवला असेल. त्यांनी रिपब्लिकन पक्षाचे लँडन जिंकणार म्हणून सांगितलं, आणि रूझवेल्ट साठ टक्क्यांहून अधिक मतं घेऊन निवडून आले. यादी तर कललेली होतीच, पण पत्रक भरून पाठवायचे कष्ट कोणी घेतले आणि कोणी नाही, यातही रूझवेल्टविरोधकांचं पारडं जड होतं. जनमत चाचण्या घेणाऱ्या गॅलपने त्याच निवडणुकीत सुमारे पन्नास हजार लोकांवरून विजेता बरोबर सांगितला. योगायोगाची चूक चमचा मोठा केला की घटते, कलण्याची चूक तसूभरही घटत नाही. उलट मोठ्या आकड्यामुळे चुकीच्या उत्तराला आत्मविश्वास चढतो.

मला वाटलं आता तो समाधानाने निघेल. पण वही अजून उघडीच होती आणि त्यात भांड्याच्या चित्रात तळाशी त्याने एक ठिपका काढला होता.

"हा खडा आहे," तो म्हणाला. "भांड्यात एकच. चमच्यात आला नाही, म्हणजे भांड्यात नाही का?"

इथवर दमले होते, पण हा प्रश्न सोडवत नव्हता. खडे पुष्कळ असतील तर एक सोयीचा आडाखा आहे, तिनाचा नियम. तीनशे चमचे पाहिले, एकातही खडा नाही, तर पंचाण्णव टक्के खात्रीने म्हणता येतं की खडा असलेल्या चमच्यांचं प्रमाण तीनशेत तीन, म्हणजे एक टक्क्याहून जास्त नाही. तपासून पाहायचं तर ०.९९ चा तीनशेवा घात करा, ०.०४९ येतो. औषधाचा एखादा दुष्परिणाम तीनशे रुग्णांत दिसला नाही, याचाही अर्थ एवढाच. तो होत नाही, असा नव्हे. शंभरात एकाला होत असूनही इतक्यांत न दिसण्याची शक्यता वीसात एक उरते.

पण त्याचा खडा एकच होता. तीस लिटरचं भांडं, दोन हजार चमचे, त्यातल्या एकात तो. एक चमचा घेतला तर सापडण्याची शक्यता दोन हजारांत एक. शंभर घेतले तर वीसात एक. पंचाण्णव टक्के खात्री हवी असेल तर एकोणीसशे चमचे प्यावे लागतील, आणि त्यानंतर उरलेल्या शंभरांचं काय करायचं हा प्रश्नच आहे. त्याने हिशोब मांडला, खाली रेघ मारली, आणि वर आम्ही केलेल्या दहा कोटींच्या गणिताकडे बोट नेलं.

"म्हणजे इथे भांडं किती मोठं आहे, याने फरक पडतो."

"पडतो. इथे सगळा फरक त्यानेच पडतो. हंडा दहापट झाला की चमचेही दहापट."

"मग खड्यासाठी नमुना घ्यायचाच कशाला?" तो म्हणाला. "गाळणी घ्यावी."